फोनची तारीख चुकली की बॅकअप का अडकतो?

मोबाईल बदलला, सिम टाकलं, व्हॉट्सअ‍ॅप उतरवलं आणि जुने मेसेज परत आणायला गेलो की फोन अडून बसतो. कधी तो सरळ सांगतो, "Your phone date is inaccurate". कधी नुसतं "इंटरनेट तपासा" म्हणतो, तर कधी बॅकअपच सापडत नाही असं दाखवतो. घरचे मग वायफायला दोष देतात, राऊटर बंद-चालू करतात. अशा वेळी आम्ही आधी घड्याळ बघायला सांगतो.

कारण साधं आहे. फोन गूगलच्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरशी बोलण्याआधी त्याचं ओळखपत्र, म्हणजे सर्टिफिकेट, तपासतो. त्यावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध" असं लिहिलेलं असतं. हल्ली बरीच सर्टिफिकेटं ९० दिवसांच्या आसपासच चालतात. फोनची तारीख दोन वर्षं मागे असेल, तर त्याच्या हिशेबाने हे ओळखपत्र अजून सुरूच झालेलं नाही. तारीख पुढे असेल तर ते संपलेलं. दोन्ही वेळा फोन दार लावून घेतो. इंटरनेट चालू असतं, पण बोलणं होत नाही.

खात्री करायची तर क्रोममध्ये कुठलीही वेबसाइट उघडा. "Your clock is behind" किंवा "Your clock is ahead" असं आलं, नाहीतर NET::ERR_CERT_DATE_INVALID दिसलं, तर वायफायचा काही गुन्हा नाही.

तारीख चुकते कशी? फोन कित्येक महिने कपाटात पडून बॅटरी पार संपली, तर घड्याळ मागच्या कुठल्यातरी तारखेवर जाऊन बसतं. दुसरं कारण घरातली मुलं. गेममधले संपलेले चान्स लवकर मिळावेत म्हणून ती तारीख एक दिवस पुढे ढकलतात आणि परत आणायला विसरतात.

तिसरं कारण आपल्याकडे फार आढळतं आणि ते चटकन लक्षात येत नाही. समजा, दम्मामला असलेला मुलगा सुट्टीवर मुंब्य्राला आला आणि तिथला एक फोन अम्मीसाठी घेऊन आला. अम्मीचा जुना फोन बंद पडलाय, आणि मरहूम अब्बांचे व्हॉइस मेसेज आता फक्त गूगलच्या बॅकअपमध्ये आहेत. इथे रात्रीचे १० वाजलेत, फोन ७:३० दाखवतोय. मुलाने आपोआप वेळ बंद केली आणि हाताने अडीच तास वाढवले. आकडे बरोबर दिसू लागले, पण टाइम झोन रियाधचाच राहिला.

फोन आतून जागतिक वेळ धरून चालतो, आणि झोनप्रमाणे तास मिळवून आपल्याला दाखवतो. आता तो समजतो की सौदीत रात्रीचे १० वाजलेत, म्हणजे जागतिक वेळ संध्याकाळचे ७. खरी वेळ मात्र ४:३० आहे. एवढ्या फरकाने सर्टिफिकेट बहुधा चालून जातं. पण काही बॅकअप सेवा पंधरा मिनिटांहून जास्त फरक असला की मागणी नाकारतात. दर ३० सेकंदांनी बदलणारा लॉगिन कोड त्याच फोनवर तयार होत असेल, तर तोही चुकीचा निघू शकतो. पडद्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळते, म्हणून कुणाला शंकाच येत नाही.

म्हणून वेळेआधी झोन बघा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये System, मग Date & time; सॅमसंगवर General management मध्ये Date and time; आयफोनवर General, मग Date & Time. तिथे वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करा. अँड्रॉइडवर झोनसाठी वेगळं बटण असेल तर तेही चालू करा. तरी वेळ सुधारली नाही, तर दोन्ही बंद करून झोन भारताचा (GMT+05:30) निवडा, वर्षासकट तारीख आणि वेळ नीट भरा, मग पुन्हा आपोआपवर टाका. वर्ष बघायला लोक हमखास विसरतात! फोन एकदा बंद करून चालू करा आणि मगच रिस्टोअरला हात लावा.

तोपर्यंत एक गोष्ट करू नका. वैतागून Skip दाबू नका. त्याने गूगलवरचा बॅकअप लगेच जात नाही, पण नंतर त्याच खात्यावर नवा, जवळजवळ रिकामा बॅकअप झाला की तो जुन्याची जागा घेतो. अब्बांचा आवाज तिथे संपला. Skip दाबून झालंच असेल, तर आधी चॅट बॅकअपमध्ये जाऊन गूगलवरचा आपोआप बॅकअप बंद करा. मग व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाका, नंबर पडताळा आणि या वेळी Restore निवडा.

घड्याळ बरोबर असूनही बॅकअप दिसत नसेल, तर फोनमधलं गूगल खातं तपासा. बॅकअप घेताना होतं तेच खातं आणि तोच मोबाईल नंबर लागतो. सौदीच्या नंबरवर घेतलेला बॅकअप भारताच्या नंबरवर उघडत नाही.