हरलेल्या डावातून उरते काय?

आळंद तालुक्यात सापशिडीला मराठी घरात सापशिडी म्हणतात आणि शेजारच्या कन्नड घरात हावु-एणी. पण अठ्ठ्याण्णवाव्या घरावरून सापाने गिळले की दोन्ही घरांतले मूल सारखेच रुसते. जुन्या मोक्षपटातही कवड्यांचे दान वाकडे पडले तर साधक क्षणात तळाशी येई. दैवावर चालणारा छोटा डाव हवासा वाटतो. सारे गमावून पुन्हा पहिल्या घरापासून निघणे मात्र नकोसे होते. संगणकाच्या खेळांत हा पेच चाळीसहून अधिक वर्षे चालत आला आहे.

त्याचे मूळ १९८० च्या सुमाराचे. कॅलिफोर्नियातील मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ रचला; पुढे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाले. (मराठी कानाला हे नाव दुखण्यासारखे वाटते, परंतु इंग्रजीत त्याचा अर्थ लुच्चा, भटक्या असा आहे.) त्यावेळचे साहसखेळ एकदा सोडविले की संपत, कारण त्यांतील गुहा दर वेळी तीच असे. 'रोग'मधील भुयार प्रत्येक डावात नव्याने मांडले जाई. खेळाडू म्हणजे पडद्यावरचे @ हे चिन्ह, आणि राक्षस म्हणजे A पासून Z पर्यंतची अक्षरे. सव्विसाव्या मजल्यावरचा ताईत घेऊन जिवंत वर यायचे, एवढेच काम.

डाव अर्धवट ठेवून उठता येई; पण परत येऊन तो उघडला की साठविलेली फाइल खेळ स्वतःच पुसून टाकी. फाइल म्हणजे पुस्तकातली खूण होती, दुसरा जन्म नव्हे. यामागे कर्त्यांचा क्रूरपणा नव्हता. अनोळखी औषधाची कुपी प्यावी की न प्यावी, हा प्रश्न मागे फिरण्याची सोय असली तर प्रश्नच राहत नाही. शिवाय औषधांचे रंग दर डावात बदलत. काल निळ्या औषधाने आंधळे केले, म्हणून आज निळे टाळण्यात अर्थ नसे. उरे ती फक्त रीत: शत्रू जवळ नसताना, अंगात बळ असताना नवे औषध चाखून पाहावे.

ज्यांना एवढी शिदोरी पुरत नसे त्यांच्यासाठी पुढील कर्त्यांनी मरणाआड काहीतरी ठेवण्यास आरंभ केला. १९८७ च्या 'नेटहॅक'मध्ये मेलेल्या वीराचे सामान कधी कधी त्याच मजल्यावर राही आणि पुढच्या डावात सापडे. मात्र तेथे त्याचे भूतही राखण करीत असे, आणि सामान बहुधा शापित निघे!

खरा पालट २०१३ च्या कॅनडातील 'रोग लेगसी'ने केला. येथे मेलेल्याचे सोने वारसाला मिळते आणि त्यातून वाडा बांधला जातो. वाड्याची प्रत्येक वाढ पुढच्या वारसाला अधिक बळ देते. परंतु गढीच्या दारात उभा असलेला खेरॉन उरलेले सोने काढून घेतो. समजा, सर्वांत स्वस्त वाढ चारशेची आहे आणि डावात साडेतीनशेच मिळाले. तर ते सारे दारातच जाते आणि डाव फुकट. प्रत्येक खरेदीबरोबर किंमत वाढत असल्यामुळे असे रिकामे डाव पुढे पुढे अधिक येतात, आणि जुना वैताग मागच्या दाराने परत शिरतो.

२०२० मध्ये पूर्ण रूपात आलेल्या 'हेडीस'ने ही फट ओळखली. पाताळाच्या राजाचा मुलगा झॅग्रियस बाहेर पळू पाहतो. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. मेला की वाटेतली नाणी व देवांची वरदाने जातात, पण 'अंधार' नावाचे धन थोडे असले तरी साचत राहते. घरी परतल्यावर मंडळी नवे काही बोलतात, म्हणून मरणानेही कथा पुढे सरकते.

त्यातही 'गॉड मोड' ही सोय पाहण्याजोगी आहे. ती लावली की प्रत्येक घावातला वीस टक्के भाग आपोआप टळतो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मरणागणिक आणखी दोन टक्के. दहा वेळा मेलेल्याला दहाचा घाव सहाचा बसतो. तीस मरणांनंतर दोनचा. तेथे, ऐंशी टक्क्यांवर, वाढ थांबते. भुयार तेच बेभरवशाचे राहते, वरदाने कोणती मिळतील हे दैवावरच असते. फक्त हरणाऱ्याचे ओझे हरण्याच्याच हिशेबाने हलके होते.

यावर जुन्या खेळाडूंचा एक आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही: साचलेले बळ जिंकते की शिकलेला हात, हे कळेनासे होते. 'रोग'मध्ये ही शंका नव्हती. 'हेडीस'मध्ये ती फेडायची तर सोय बंद करून, नव्या फाइलवर, कोऱ्या झॅग्रियसला घेऊन निघावे. पूर्वी पहिल्याच दालनांत पडणारा खेळाडू आता कोठवर पोहोचतो, हे त्या अर्ध्या तासात दिसते.