शपथ, साक्ष आणि एक 'च'

मागच्या व्याख्यानानंतर कुपवाडच्याच एका श्रोत्यांनी मला गाठलं. म्हणाले, "सर, मी कुराणाचं मराठी भाषांतर वाचायला घेतलं, पण पानोपानी 'निश्चितच', 'खरोखर', 'निःसंशय' येतं. हे वकिली भाषण वाटतं हो. मूळ असंच आहे का?" मी तेव्हा त्यांना म्हटलं, मूळही तसंच आहे आणि अजिबात तसं नाही. उत्तर अर्धवट राहिलं होतं, ते आज पुरं करतो. मी अरबीचा पंडित नव्हे. माझा विषय तत्त्वज्ञान. निवृत्तीनंतर मिरजेत एका मौलवींकडे बसून अरबी व्याकरण शिकलो, तेवढीच माझी शिदोरी.

सगळं कुराण समोर घेण्यात अर्थ नाही. आपण एकच सूरा घेऊ, १०३ वी. नाव 'अल-अस्र'. अवघ्या तीन आयती, चौदा शब्द. पहिल्या आयतीत शपथ आहे, दुसऱ्या आयतीत ती शपथ घेऊन काय सांगायचं ते आहे, तिसऱ्या आयतीत अपवाद. पहिली संपते 'अस्र' या शब्दावर, दुसरी 'खुस्र'वर, तिसरी 'सब्र'वर. तिन्हींच्या शेवटी 'र', आणि त्याच्या आधी एक जोडाक्षराचा दाब. याला अरबीत 'सजअ' म्हणतात, म्हणजे यमक असलेलं गद्य. छंद नाही, मात्रा मोजलेल्या नाहीत, पण वाक्य जिथं थांबतं तिथं ठोका पडतो. इस्लामपूर्व अरबस्तानातले काहिन, म्हणजे भविष्य सांगणारे लोक, असंच बोलत. आकाशाची, ताऱ्यांची शपथ घ्यायची आणि यमकात निकाल द्यायचा. ऐकणाऱ्याचे कान त्या चालीला सरावलेले होते, त्यामुळे शपथ कानावर पडली की आता काहीतरी येणार म्हणून माणूस सावरून बसायचा.

पहिली अडचण या शपथेचीच. अरबीत शपथेसाठी इथं वेगळं क्रियापद नाही. नुसतं 'व' आहे. हाच 'व' एरवी 'आणि' या अर्थानं येतो. शपथेचा असेल तर त्याच्या पुढचं नाम षष्ठीसारख्या रूपात जातं, त्यावरून तो ओळखायचा. म्हणजे एक अक्षर आणि एक नाम, झाली शपथ. मराठीत आपण लिहितो 'काळाची शपथ', आणि इथंच घोटाळा सुरू होतो.

आपल्याकडे शपथ कशी घेतात बघा. आईशप्पथ. देवाशप्पथ. तुझ्या गळ्याची आण. या सगळ्यांत एक छुपा दंड आहे. मी खोटं बोललो तर जिची शपथ घेतली तिचं वाईट होईल, किंवा जिची शपथ घेतली ती शक्ती माझं वाईट करील. म्हणून तर आई ओरडते, "माझी शपथ कशाला घेतोस रे?" आता हे गणित कुराणाला लावा. बोलणारा ईश्वर, आणि तो शपथ घेतोय काळाची, अंजिराची, धापा टाकत धावणाऱ्या घोड्यांची. खोटं ठरलं तर अंजिराचं काय वाकडं होणार? हा प्रश्न जुन्या भाष्यकारांनाही पडला होता. बऱ्याच जणांचं उत्तर असं, की ज्याची शपथ घेतली त्याचा मोठेपणा दाखवायचा आहे. आझमगडकडचे हमीदुद्दीन फराही (१८६३ ते १९३०) यांनी कुराणातल्या शपथांवर अरबीत स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि निराळी बाजू मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की या शपथा म्हणजे साक्षीपुरावा. ज्या वस्तूची शपथ घेतली ती वस्तूच पुढच्या विधानाचा दाखला आहे.

मला हे पटतं, कारण या सूरेत ते चपखल बसतं. 'अस्र' म्हणजे काळ, आणि 'अस्र' म्हणजे दिवस कलल्यावरची वेळही. त्या वेळच्या नमाजाचं नावही तेच. इथं औद्योगिक वसाहतीत दुसरी पाळी लागून तास-दोन तास झालेले असतात, तेव्हा जी अजान कानावर येते, ती त्याच वेळेची. दिवस संपत आलाय, आणि पुढचं वाक्य काय, तर माणूस तोट्यात आहे. 'खुस्र' हा व्यापारातला शब्द. आपल्या हळदीच्या पेठेत 'खोट आली' म्हणतात ना, अगदी तोच. भांडवल म्हणजे वेळ, आणि ती कलते आहे. साक्षीदारानं आणखी काय सांगायचं? म्हणून मी 'शपथ' सोडून 'साक्ष' घेतो. सूर्याला साक्षी ठेवून, अग्नीला साक्षी ठेवून हे आपल्या जिभेवर आहेच. यात गमावतो काय तेही सांगतो. शपथेनं बोलणारा स्वतःला बांधून घेतो, साक्षीनं तेवढा बांधला जात नाही. ते नुकसान मी पत्करतो.

आता दुसऱ्या आयतीकडे येऊ. चार शब्द. नुसतं 'माणूस तोट्यात' म्हणायला दोन-तीन शब्द पुरले असते. पण आधी 'इन्ना' आहे, आणि 'तोट्यात'च्या पाठीशी, खरं तर पुढ्यात, 'ल' चिकटलेला आहे. 'इन्ना' जोर देतो, 'ल' पण जोर देतो. या 'ल'ची गंमत व्याकरणकार सांगतात. त्याची खरी जागा वाक्याच्या तोंडाशी. पण तिथं 'इन्ना' येऊन बसला, आणि जोराचे दोन शब्द शेजारीशेजारी बसू देत नाहीत, म्हणून 'ल' घसरत पुढं गेला आणि विधेयाला चिकटला. त्याचं नावच 'घसरवलेला लाम' असं आहे.

दोन-दोन जोर कशाला? हा प्रश्न एका तत्त्वज्ञानंच विचारला, म्हणून मला तो प्रिय. नवव्या शतकातला अल-किंदी. अब्दुल काहिर अल-जुर्जानी, मृत्यू १०७८, याच्या ग्रंथात ती हकीकत येते. किंदी एका व्याकरणकाराकडे, अबुल अब्बासकडे, गेला आणि म्हणाला, अरबांच्या बोलण्यात भरताड फार. 'अब्दुल्ला उभा आहे' हेच ते कधी साधं म्हणतात, कधी 'इन्ना' लावून, कधी 'इन्ना' आणि 'ल' दोन्ही लावून. अर्थ एकच! अबुल अब्बासनं सांगितलं, अर्थ तीन आहेत. पहिलं वाक्य नुसती बातमी. दुसरं, कोणी विचारलं असेल तर त्याला उत्तर. तिसरं, कोणी नाकारत असेल तर त्याला उत्तर. किंदी निरुत्तर झाला म्हणतात.

म्हणजे हे जोर सजावटीचे नाहीत. समोरच्याच्या मनात किती नकार आहे त्याचं ते माप आहे. मक्का व्यापाऱ्यांचं गाव. वहीत नफा दिसतोय, उंट भरून येताहेत, आणि त्याला सांगायचं की तू तोट्यात आहेस. तो मान हलवणारच. म्हणून शपथ, 'इन्ना' आणि 'ल' असे तिन्ही एकाच वाक्यावर खर्च केलेत. श्रोता डोळ्यांसमोर आणला की वाक्य वकिली वाटत नाही, उत्तर वाटतं. भाषांतरात तो नाकारणारा माणूस नाहीसा होतो आणि 'निश्चितच' तेवढा मागं उरतो. म्हणून तो खुपतो.

मग मराठीत हे माप कशानं दाखवायचं? आपल्याकडे 'च' आहे. आकारानं 'ल'एवढाच, फक्त तो शब्दाच्या पुढं लागतो आणि हा मागं. पण 'च' फार जपून ठेवायला लागतो, आणि इथं आपलेच जुने नैयायिक आणि बौद्ध मदतीला येतात. धर्मकीर्तीनं संस्कृत 'एव'चे तीन प्रकार केले. 'चैत्र धनुर्धरच आहे' म्हणजे तो धनुर्धर नाही असं नाही. 'पार्थच धनुर्धर आहे' म्हणजे दुसरा कोणी तसा नाही. 'कमळ निळं असतंच' म्हणजे निळं कधी नसतंच असं नाही. 'एव' एकच, जागा बदलली की वेगळी शंका कापली जाते. आता आपलं वाक्य घ्या. 'माणूसच तोट्यात आहे' असं लिहिलंत तर चूक, जणू बैल आणि घोडे नफ्यात आहेत. 'माणूस तोट्यात असतोच' म्हटलं तर 'चालायचंच' असा सुस्कारा ऐकू येतो, व्यापारी दचकत नाही. 'माणूस तोट्यातच आहे' हे बसतं. तोट्यात नाही म्हणणाऱ्याचं तोंड तिथं बंद होतं. छापलेल्या भाषांतरात 'च' कुठं आहे हे तपासून बघा. वाक्यात 'निश्चितच' असेल, तर तो 'च' क्रियाविशेषणाला लटकलाय. तो कुठलीच शंका कापत नाही, नुसता आवाज करतो.

आणखी एक जागा सांगतो, कारण ती मराठी माणसाला न शिकता कळते. ७५ व्या आणि ९० व्या सूरेची सुरुवात 'ला उक़्सिमु' अशी होते. अक्षरशः 'नाही, मी शपथ घेतो' किंवा 'मी शपथ घेत नाही'. भाष्यकारांची यावर मोठी चर्चा आहे. काहींनी तो 'ला' निरर्थक ठरवला. फर्रा नावाच्या जुन्या व्याकरणकाराचं मत, की हा 'नाही' आधीच्या, समोरच्याच्या बोलण्याला आहे. आपण काय करतो? कोणी काही बोललेलं नसतं, फक्त भुवई उडालेली असते, आणि आपण म्हणतो, "नाही हो, शपथ सांगतो!" तो 'नाही' त्या भुवईला असतो. इथं भाषांतरकारानं फार डोकं चालवू नये, 'नाही' तसाच ठेवावा आणि पुढं स्वल्पविराम द्यावा.

राहिलं यमक. मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. 'कलत्या वेळेची आण, माणसाचं नुकसान' असं जुळवलं. घरी वाचून दाखवलं तर मंडळी हसली. म्हणाली, हा उखाणा झाला, आता नाव घ्या! खरंच आहे ते. मराठीत गद्याला यमक लावलं की कानाला उखाणा, वासुदेव नाहीतर जाहिरात आठवते. 'आण' घेतली तर दंडाची शपथही मागल्या दारानं परत येते. यमक हातून जाणार हे एकदा मान्य करायला हवं. विनोबांनी अरबी शिकून मूळ कुराण वाचलं आणि विषयवार वेचून 'कुराण-सार' केलं. तशा निवडीत आयत आपल्या शेजारणींपासून वेगळी होते, तेव्हा यमकाची साखळी मुळातही सुटतेच. पण ठोका वाचवता येतो. अरबी वाक्य 'खुस्र'वर, तोट्यावर थांबतं. मराठी वाक्य 'आहे'वर थांबतं, आणि 'आहे' हा सगळ्यात मऊ शब्द. म्हणून 'आहे' गाळायचं. 'ही कलती वेळ साक्षी. माणूस तोट्यातच.' वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखं होण्याची भीती आहे, म्हणून हा उपाय छोट्या सूरांपुरताच. दुसऱ्या सूरेसारख्या लांब आयतींत 'आहे' हवंच.

तिसऱ्या आयतीचा शेवटचा शब्द 'सब्र'. तिथं मी 'धैर्य' किंवा 'संयम' घालत नाही. 'सबुरी' घालतो. तो तोच शब्द आहे, वाट काढत फारसीतून आपल्याकडे आला, आणि पूर्वी व्यापाऱ्याच्या दुकानात सुद्धा ऐकू यायचा.

त्या श्रोत्यांना मी हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे छान आहे, पण सर, 'तोट्यातच'चा दुसराही अर्थ होतो. तोट्यातच, नफ्यात कधीच नाही. मग तिसऱ्या आयतीत अपवाद कसा?" बरोबर पकडलं त्यांनी. माझं उत्तर असं, की मुळातही दुसरी आयत दार पूर्ण लावून घेते आणि मगच तिसरी ते किलकिलं करते. दोन्हींच्या मध्ये वाचणारा श्वास घेतो. म्हणून मी तिथं स्वल्पविराम देत नाही, पूर्णविराम देतो, आणि तिसरं वाक्य नव्या ओळीवर 'मात्र'नं सुरू करतो. त्यांचं पूर्ण समाधान झालेलं नाही. पुढच्या वेळी ते 'खोटीत' हा शब्द सुचवणार आहेत, असा निरोप आलाय.