सिंथेटिक ऑइल टाकलं की जुनी गाडी गळते? या भीतीचा इतिहास

आजचा भाग एका वाक्याबद्दल आहे. रेवदंड्याच्या गॅरेजमध्ये मी काकांची मारुती ८०० घेऊन गेलो होतो. २००४ची गाडी, एक लाख तीस हजार किलोमीटर झालेले. म्हटलं, या वेळी साधं मिनरल नको, सिंथेटिक ऑइल टाका. मेकॅनिक दादा हात पुसत म्हणाले, "नको रे बाबा. जुन्या इंजिनात सिंथेटिक टाकलंस तर सगळे सील सोडेल. मग माझ्याकडेच येशील."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. प्रश्न असा, की ते आलं कुठून? कारण ते खोटं नव्हतं. एके काळी खरं होतं.

आधी मिनरल आणि सिंथेटिकमधला फरक बघू. मिनरल ऑइल म्हणजे जमिनीतून निघालेलं कच्चं तेल शुद्ध करून मिळवलेलं वंगण. त्यात छोटे-मोठे, नाना प्रकारचे रेणू असतात. सिंथेटिकमध्ये हव्या तशा आकाराचे रेणू कारखान्यात जोडून बनवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत यावर बरंच काम झालं, कारण तेलाची टंचाई होती आणि रशियाच्या थंडीत साधं ऑइल गोठत होतं. नंतर जेट विमानांनी सिंथेटिक वापरलं. सर्वसामान्यांच्या कारपर्यंत ते १९७०च्या दशकात आलं. १९७३च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवणारं काहीही लोकांना हवं होतं, आणि त्याच सुमारास अमेरिकेत मोबिल १ बाजारात आलं.

इथे घोळ झाला. त्या काळच्या इंजिनांत ऑइल सील आणि पॅकिंग मिनरल ऑइल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असायची. मिनरल ऑइलमधले काही घटक, ज्यांना ॲरोमॅटिक म्हणतात, ते रबरात शिरतात आणि रबर किंचित फुगतं. फुगलेलं सील शाफ्टला घट्ट धरून बसतं. नव्या सिंथेटिकचा मुख्य घटक होता पीएओ. त्यात ॲरोमॅटिक नव्हतेच. सील फुगेना, उलट काही रबरं आकसून कडक व्हायची. त्यात ते ऑइल पातळही होतं. म्हणजे सीलची पकड सैल आणि तेल पातळ, मग गळणारच. त्या पिढीच्या मेकॅनिकांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि शिकाऊ पोरांना सांगितलं.

दुरुस्तीही लवकरच झाली. कंपन्यांनी पीएओमध्ये एस्टर नावाचा घटक मिसळायला सुरुवात केली. एस्टर रबराला फुगवतो, पीएओ आकसवतो. प्रमाण जमवलं की सील आहे तसं राहतं. आज तर ही परीक्षाच असते. डब्यावर एपीआय एसएन किंवा त्यानंतरचा दर्जा लिहिलेला असेल, तर ते ऑइल वेगवेगळ्या रबरांना किती फुगवतं, किती आकसवतं, याची चाचणी झालेली असते.

आणखी एक गंमत ऐका. १९९९मध्ये अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली. म्हणणं असं, की कॅस्ट्रॉल कच्च्या तेलापासूनच, खूप प्रक्रिया करून बनवलेल्या ऑइलला सिंथेटिक म्हणतं. निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून दुकानातलं बरंचसं सिंथेटिक हे मुळात अतिशुद्ध केलेलं मिनरलच असतं. ज्या पीएओने ही भीती जन्माला घातली, ते तुमच्या डब्यात फारसं नसेलही.

मग आजही "सिंथेटिक टाकलं आणि गळायला लागली" असं लोक का म्हणतात? दोन कारणं नेहमी सापडतात.

पहिलं, ग्रेड. जुन्या गाडीत २०डब्ल्यू-४० असतं आणि हौसेने कोणी ५डब्ल्यू-३० टाकतो. मागचा आकडा गरम इंजिनातला जाडपणा सांगतो. चाळीसच्या जागी तीस आलं की तेल पातळ झालं. झिजलेल्या सीलमधून ते वाट काढणारच. दोष सिंथेटिकचा नाही, आकड्याचा. मिनरलचं ३० टाकलं असतं तरी तेच झालं असतं.

दुसरं, आधीपासूनची गळती. वर्षानुवर्षांचा चिकट गाळ आणि मळ फुटक्या पॅकिंगवर बसून बूच झालेला असतो. नव्या ऑइलमधलं मळ धुणारं रसायन तो गाळ हळूहळू काढतं आणि भोक उघडं पडतं. भोक जुनंच असतं, दिसायला आता लागतं.

आता काकांच्या गाडीकडे येऊ. ऑइल बदलण्याआधी आम्ही इंजिन बाहेरून पुसून कोरडं केलं आणि रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला. सकाळी एक डाग होता, टॅपेट कव्हरच्या खाली. म्हणजे मिनरलवरच गळत होतं! पॅकिंग काढलं तर प्लॅस्टिकसारखं कडक. ते बदललं, ब्रीदरचा पाइप साफ केला, कारण तो तुंबला की आतला दाब वाढून तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं. मग नवा फिल्टर आणि १०डब्ल्यू-४० सिंथेटिक. मागचा चाळीस तसाच ठेवला.

दोन महिने पुठ्ठा कोरडा. मग एका सकाळी पुन्हा डाग. दादा हसले, "बघ, बोललो होतो ना?" मीही गप्प झालो. मग चेंबर पुसला, त्यावर टाल्कम पावडर मारली आणि इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ उमटली, पण सीलपाशी नाही, चेंबरच्या कोपऱ्यात. तिथला गंज खरवडला तर खाली सुईएवढं भोक. चेंबर पत्र्याचा, घर समुद्राला लागून, पावसाळाभर खारी हवा. भोक बाहेरून पडलं होतं. आत कुठलंही ऑइल असतं तरी ते गळलंच असतं. चेंबर बदलला, त्यानंतर पुठ्ठा आजपर्यंत कोरडा आहे.

तुमच्या गाडीला हेच करा: पुठ्ठा आणि डिपस्टिक, दोन्ही बघा. पुठ्ठ्यावर डाग म्हणजे गाडी ऑइल गाळतेय. पुठ्ठा कोरडा पण डिपस्टिकवरची पातळी उतरतेय, सकाळी निळा धूर येतोय, तर गाडी ऑइल खातेय. ते आतल्या झिजेचं काम, वेगळं. आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल येत असेल तर मागचं क्रँक सील गेलंय. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून आधी ते ठरवा, महागडं ऑइल नंतर. जुन्या इंजिनात पहिला सिंथेटिक डबा दोन-तीन हजार किलोमीटरलाच बदला, कारण निघालेला गाळ त्याच्यात आणि फिल्टरमध्ये जमतो.

शेवटी खरं सांगतो. काकांची गाडी वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालते, रेवदंडा ते अलिबाग. आपल्याकडे गोठवणारी थंडी नाही. एवढ्या वापराला वेळेवर बदललेलं मिनरलही पुरलं असतं. खरा उपयोग झाला तो त्या पॅकिंगचा आणि चेंबरचा. दादांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मी अर्धा बरोबर होतो." होते. फक्त पन्नास वर्षं उशिरा.