मार्ली आणि दाराचा खिळा

आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचन बंद करायला सांगितलं. जी बाई आयुष्यभर वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणत आली, तिला वाचन बंद म्हणजे जेवण बंद. घरातल्या कादंबऱ्या तिच्या कधीच वाचून झालेल्या. म्हटलं, दर वीकेंडला इंग्रजीतलं एखादं प्रकरण मीच मराठीत करतो आणि वाचून दाखवतो. निवडलं डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल'. छोटीशी कादंबरी, पाचच प्रकरणं, भुताची गोष्ट, आणि आजीला भुतं आवडतात. पाच प्रकरणं, पाच वीकेंड असं एस्टिमेट होतं. एस्टिमेटचं जे नेहमी होतं तेच झालं.

पहिल्याच पानावर अडकलो. अडकवलं एका खिळ्याने.

पुस्तक १८४३ च्या डिसेंबरमधलं. सुरुवातीलाच निवेदक सांगतो की मार्ली मेलेला आहे, आणि किती मेलेला, तर 'डेड ॲज अ डोअरनेल', दाराच्या खिळ्याइतका. हा वाक्प्रचार डिकन्सचा नाही. चौदाव्या शतकातल्या इंग्रजी काव्यात तो आहे, पुढे शेक्सपिअरच्या नाटकांतही आहे. म्हणजे डिकन्सच्या हातात आला तेव्हा त्याला जवळजवळ पाचशे वर्षं झाली होती आणि तो पार गुळगुळीत झाला होता.

खिळा मेलेला का, याची दोन उत्तरं लोक देतात. एक सुतारकामातलं. जुन्या दारांना मोठे खिळे फळीतून आरपार ठोकायचे आणि पलीकडे आलेलं टोक वाकवून परत लाकडात बसवायचे. असा खिळा उपटून, सरळ करून पुन्हा वापरता येत नाही, म्हणून तो मेला. दुसरं उत्तर असं की दार ठोठावायचं जे जड धातूचं कडं असतं ते ज्या खिळ्याच्या डोक्यावर आपटतं, तो खिळा. इतके घाव डोक्यात बसल्यावर कोण जिवंत राहणार? दोन्ही अंदाजच आहेत, पण दुसरा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

माझा पहिला ड्राफ्ट सरळ होता: 'मार्ली ठार मेला होता.' शब्दकोशाला विचारलं तर तोही असंच काहीतरी सांगेल. अर्थ शंभर टक्के बरोबर. पण पुढचं वाक्य घ्यायला गेलो आणि सगळं कोसळलं. कारण डिकन्स वाक्प्रचार वापरून पुढे जात नाही, तिथेच थांबून त्याच्याशी भांडायला लागतो. तो म्हणतो, दाराच्या खिळ्यात विशेष मेलेलं काय असतं ते मला काही ठाऊक नाही. मला विचाराल तर सगळ्या लोखंडी मालात सर्वांत मेलेला खिळा म्हणजे शवपेटीचा. पण उपमा पूर्वजांनी करून ठेवली आहे, तिला माझ्यासारख्याने हात लावला तर देशाचं काही खरं नाही. आणि एवढं बोलून तो पुन्हा तेच म्हणतो, मार्ली दाराच्या खिळ्याइतका मेला होता.

आता माझ्या 'ठार'मध्ये खिळाच नाही, तर भांडण कशाशी करणार?

दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मी हुशारी केली. मराठीत आपण 'ठार वेडा' म्हणतो, 'ठार बहिरा' म्हणतो, आणि ही माणसं तर चांगली जिवंत असतात. मग निवेदकाला त्यावरच कुरकुरायला लावलं: 'ठार' शब्दात विशेष मेलेलं काय आहे मला माहीत नाही, आमच्या गल्लीतले ठार बहिरे गृहस्थ रोज सकाळी फिरायला जातात, वगैरे. वाचायला मजा आली. स्वतःवर खूश होऊन मी दोन दिवस ते तसंच ठेवलं.

ही सवय आपल्याकडे जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतून नाटकं आणली तेव्हा माणसांसकट सगळं मराठी करून टाकायची पद्धत होती. देवलांनी १८९० मध्ये 'ऑथेल्लो' आणला तो 'झुंझारराव' होऊन. रंगमंचावर ते चाललं, नुसतं चाललं नाही तर गाजलं, कारण तिथे गावापासून नावापर्यंत सगळंच बदललेलं होतं. माझ्याकडे मात्र मार्ली मार्लीच होता, लंडनचं धुकं धुकंच होतं, आणि त्या धुक्यात मधेच आमच्या गल्लीतले बहिरे गृहस्थ मॉर्निंग वॉकला निघाले होते.

शिवाय एक जास्त गंभीर बग होता. पहिल्याच प्रकरणात पुढे स्क्रूज रात्री घरी येतो, दाराला किल्ली लावतो आणि दारावरच्या त्या ठोठावायच्या कड्याच्या जागी त्याला मार्लीचा चेहरा दिसतो. म्हणजे ज्याला दाराच्या खिळ्याइतका मेलेला म्हटलं, तो परत येतो दारावरच. डिकन्सने हे ठरवून केलं का, याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण वाचताना ते दार दोन्ही ठिकाणी असतं, आणि मी पहिलं दार काढून टाकलं होतं. वाक्प्रचार एकेका ओळीत बदलताना असं होतं. तो आणखी कुठे जोडलेला आहे हे सगळं प्रकरण वाचून झाल्याशिवाय कळत नाही.

म्हणून तिसरा ड्राफ्ट: 'मार्ली दाराच्या खिळ्याइतका मेला होता.' शब्दाला शब्द. असं भाषांतर करू नये असं शाळेपासून सांगितलेलं, आणि नव्वद टक्के वेळा ते खरंच आहे. इथे ते चालतं, कारण डिकन्सच्या इंग्रज वाचकालाही खिळा मेलेला का ते माहीत नव्हतं. निवेदकालाच माहीत नाही! मराठी वाचकाचा गोंधळ आणि निवेदकाचा गोंधळ एकच आहे. हे मला कळलं ते आजीमुळे. ते वाक्य वाचलं आणि श्वास घ्यायला थांबलो, तर ती म्हणाली, "अरे, पण दाराचा खिळा जिवंत कधी होता?" मी पुढचं वाक्य वाचलं. ती हसली आणि म्हणाली, "हा माणूस बरा दिसतोय."

शवपेटीही तशीच ठेवली. तिरडीचा बांबू घालायचा मोह झाला होता, पण तिरडी सुतळीने बांधतात, तिथे खिळ्याचा काय संबंध?

खरी कसरत पूर्वजांच्या वाक्यात आहे, आणि इतिहास कामाला आला तो इथे. 'पूर्वजांचं शहाणपण' हा त्या काळच्या इंग्लंडमध्ये साधा शब्दप्रयोग नव्हता. कुठलीही सुधारणा आली की तिला विरोध करणारे ही ढाल पुढे करत. बेंथमने १८२४ च्या आपल्या पुस्तकात राजकारणातल्या फसव्या युक्तिवादांची यादी केली, त्यात हा एक आहे. डिकन्सला तर त्याची चीडच होती. पुढे त्याने घरातल्या अभ्यासिकेत पुस्तकांच्या नुसत्या पाठी असलेलं खोटं कपाट करून घेतलं, त्यात 'आपल्या पूर्वजांचं शहाणपण' नावाची एक मालिका होती. खंडांची नावं: अज्ञान, अंधश्रद्धा, छळाची यंत्रं, घाण, रोगराई अशी.

तेव्हा 'पूर्वजांच्या ज्ञानाचा ठेवा' असं आदराने लिहिलं तर अर्थ येतो आणि टोमणा जातो. मराठीत हा टोमणा तयारच आहे, तो ज्यांना मारायचा त्यांच्याच तोंडात असतो: 'पूर्वज काय मूर्ख होते?' मी लिहिलं, 'पण पूर्वज काही मूर्ख नव्हते. ही उपमा त्यांची आहे. माझ्या पापी हातांनी मी ती बदलायला गेलो तर देश बुडालाच म्हणून समजा.' 'धर्म बुडाला' हा ओरडा आपल्याला पाठ आहे, त्यामुळे 'देश बुडाला' ऐकताना मागे तोही ऐकू येतो. 'पापी' मात्र लागतोच. निवेदक जेवढा नम्र होतो तेवढा टोमणा वाढतो.

सगळेच वाक्प्रचार एवढा वेळ खात नाहीत. स्क्रूजचं नाव 'चेंज'वर चालतं, म्हणजे रॉयल एक्स्चेंजवर, व्यापाऱ्यांच्या बाजारात. 'बाजारात त्याच्या सहीला पत होती', झालं. लेखक तिथे थांबत नाही, तर मीही थांबत नाही. (गंमत म्हणजे १८४३ मध्ये त्या एक्स्चेंजची इमारतच नव्हती. जुनी १८३८ ला जळाली होती आणि नवी १८४४ मध्ये उघडली. शब्द इमारतीशिवाय चालू राहिला.)

उलट जिथे आपल्याकडे फार छान म्हण असते तिथे जपावं लागतं. स्क्रूज कंजूष आहे हे सांगताना डिकन्स आवळलेली मूठ आणि जात्यासारखा धारेचा दगड असे दोन वाक्प्रचार एकमेकांत घुसवतो आणि मग एकामागून एक विशेषणांची माळ लावतो. माझ्या डोक्यात लगेच 'चामडी जाईल पण दमडी जाणार नाही' आलं. ही म्हण इतकी गोळीबंद आहे की ती आल्यावर निकाल लागतो, पुढे काही बोलायचं उरत नाही. डिकन्सला तर बोलतच राहायचंय, एका दमात. दाते-कर्व्यांचा १९४०च्या दशकातला वाक्संप्रदाय कोश चाळून मी म्हणींऐवजी क्रियापदं गोळा केली: 'पिळणारा, ओरबाडणारा, खरवडणारा, मुठी आवळणारा, कवडीचुंबक म्हातारा'. मोठ्याने वाचताना दम लागला म्हणजे जमलं असं धरलं. म्हण त्या माळेत घातली असती तर आजी तिथेच "हं" म्हणून मोकळी झाली असती.

प्रकरणाच्या शेवटाकडे भूत समोर बसलेलं असताना स्क्रूज म्हणतो, तू भूत नाहीसच, तू न पचलेला बीफचा तुकडा असशील, मोहरीचा ठिपका असशील, चीजचा चुरा असशील. आणि मग 'ग्रेव्ही' आणि 'ग्रेव्ह' या शब्दांवर कोटी करतो: तुझ्यात कबरीपेक्षा रस्साच जास्त. घाबरलेल्या माणसाची ती कोटी आहे, थोडी वाईट असली तरी चालेल, पण कोटी हवीच. बीफ बीफच ठेवलं. 'ग्रेव्ही' आता मराठीच आहे, पण 'ग्रेव्ह' नाही, त्यामुळे अर्धाच विनोद राहतो. चार दिवस लोकलमध्ये उभा राहून 'मढं', 'मसाला', 'मसण' असे शब्द जुळवत होतो. मग ध्यानात आलं की स्क्रूजचा मुद्दा रश्श्याचा नाही, अपचनाचा आहे. आणि अपचनावर मराठी माणसाचा आवडता शब्द तर 'प'नेच सुरू होतो: 'तुझ्यात पिशाच्चापेक्षा पित्तच जास्त दिसतंय!'

रविवारी तो भाग वाचला. आजी डोळ्यांवर हिरवा चष्मा लावून ऐकत होती. भूत साखळ्या खुळखुळवत ओरडलं तिथपर्यंत ती काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्याला म्हणावं, रोज सकाळी मोरावळा घे."