स्टॉक छायाचित्रे : विक्री, परवाने आणि नकार

आधीच काढून ठेवलेली छायाचित्रे संकेतस्थळामार्फत अनेक ग्राहकांना वापरासाठी देण्याचा व्यवसाय. आयस्टॉक (२०००) व शटरस्टॉक (२००३) यांच्यामुळे तो हौशी छायाचित्रकारांपर्यंत पोचला. भारतीय विषयांना वाहिलेले इमेजेसबाजार २००६ मध्ये सुरू झाले. या बाजारात छायाचित्र सुंदर असणे पुरेसे नसते. ग्राहक वापरण्याचा हक्क विकत घेतो, म्हणून चित्राची किंमत त्या हक्काच्या स्वच्छतेवर ठरते. बहुतेक नकारांचे मूळही तिथेच सापडते.

साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या धानपट्ट्यातल्या गावाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. जुलै-ऑगस्टमध्ये बांधीत रोवणी चालू असताना वाकलेल्या बायांची रांग, साचलेले पाणी आणि हातातली पऱ्ह्यांची जुडी हे दृश्य बी-बियाणे, पीकविमा, शेतीविषयक पाठ्यपुस्तके आणि वृत्तलेख अशा अनेकांच्या उपयोगाचे आहे. नागझिऱ्याच्या वाघापेक्षा ते अधिक विकाऊ ठरू शकते, कारण वाघाच्या चित्रांची गर्दी मोठी आणि वापर मोजके. मात्र वर आभाळाची मोकळी जागा राखलेली हवी, म्हणजे ग्राहकाला तिथे मजकूर बसवता येतो. आणि चित्राचे वर्णन नेमके हवे. नुसते ‘भारतीय शेती’ लिहिले तर रोवणीचे चित्र शोधणाऱ्याला ते सापडत नाही. शटरस्टॉकवर ७ ते ५० शोधशब्द देता येतात, पण चित्रात नसलेल्या गोष्टींचे शब्द भरणे हे स्वतःच नकाराचे कारण आहे.

याच दृश्यात चेहरे ओळखू येत असतील तर जाहिरातीसाठी, म्हणजे व्यावसायिक वापरासाठी, प्रत्येक व्यक्तीचे सही केलेले संमतिपत्र लागते. अल्पवयीनांसाठी पालकाची सही. चेहरा चौकटीबाहेर ठेवून फक्त हात घेतले तरी प्रश्न नेहमीच सुटत नाही. हातावरचे गोंदण व्यक्तीची ओळख पटवू शकते. ट्रॅक्टरवरचे कंपनीचे बोधचिन्ह किंवा खताच्या पिशवीवरचे नाव राहिले तरी चित्र अडते. संमतिपत्र नसल्यास संपादकीय वापराचा मार्ग उरतो. तेव्हा चित्र बातमी वा माहितीपर लेखनापुरते मर्यादित होते, त्यात फेरफार चालत नाही आणि शटरस्टॉकवर मथळ्याची ठरावीक मांडणी पाळावी लागते. तिचा नमुना असा :

```
EKODI, INDIA - JULY 20, 2024: Women transplant rice seedlings
```

मजुरी करणाऱ्या बायांकडून सह्या घेणे अव्यवहार्य आहे, असा आक्षेप घेतला जातो. अडचण खरी आहे, पण ज्या चेहऱ्याचा उपयोग उद्या विमा कंपनीच्या फलकावर होऊ शकतो, त्या चेहऱ्याच्या धनिणीला ते आधी मराठीत समजावून सांगणे हे सौजन्याइतकेच न्यायाचेही आहे. ते शक्य नसेल, तर संपादकीय विभागच योग्य.

परवान्यांत ‘रॉयल्टी-फ्री’ या नावाने सर्वाधिक गोंधळ होतो. चित्र फुकट मिळते असा त्याचा अर्थ नाही. ग्राहक एकदा पैसे भरतो आणि ठरलेल्या अटींत ते पुन्हा पुन्हा वापरतो. छायाचित्रकाराला विक्रीतला वाटा मिळतो व स्वामित्वहक्क त्याच्याकडेच राहतो. प्रमाणित परवान्यात छपाईला सहसा ५ लाख प्रतींची मर्यादा असते. चित्र टी-शर्ट किंवा कपावर छापून तो माल विकायचा असल्यास विस्तारित परवाना घ्यावा लागतो. अडोबी स्टॉक छायाचित्राच्या विक्रीतून ३३ टक्के देते. शटरस्टॉकचा वाटा विक्रीच्या संख्येप्रमाणे १५ ते ४० टक्के असून पायरी दर जानेवारीत पुन्हा खालून सुरू होते.

तांत्रिक नकारांत रोवणीचे हवामानच आडवे येते. ढगाळ उजेडात आयएसओ वाढवावा लागतो आणि पदराच्या सावलीत दाणेदारपणा येतो. तो पुसताना चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात. फोनच्या पडद्यावर दोन्ही दोष दिसत नाहीत. चित्र संगणकावर १०० टक्के आकारात उघडून समोरच्या हाताची बोटे तीक्ष्ण आहेत का, ते पाहावे. चार मेगापिक्सेलपेक्षा लहान चित्र शटरस्टॉक व अडोबी स्टॉक दोन्हीकडे घेतले जात नाही, त्यामुळे फार कातरणेही महागात पडते. परीक्षक लहरी असतात, ही तक्रार पूर्णपणे निराधार नाही. तेच चित्र एकीकडे नाकारून दुसरीकडे स्वीकारले जाते. तरी फोकस, संमतिपत्र आणि बोधचिन्ह ही कारणे परीक्षक बदलला तरी बदलत नाहीत. एकाच रांगेची वीस जवळजवळ सारखी चित्रे पाठवल्यासही नकार येतो. त्यांतली दोन-तीन निवडणे पुरेसे.

कर : अमेरिकी संकेतस्थळांवर W-8BEN अर्ज भरल्यास तिथल्या विक्रीवरील रॉयल्टीतून भारत-अमेरिका करारानुसार १५ टक्के कर कापला जातो.