आरेखनातील मापांचे रशियन रूपांतर

मीरा-भाईंदरच्या औद्योगिक गाळ्यात बनणाऱ्या एखाद्या सुट्या भागाचे आरेखन रशियनमध्ये नेताना खरा घोळ स्वल्पविराम घालतो. आपल्याकडे तो हजार दाखवतो, रशियात दशांश. ‘१,२५० मिमी’ तसेच राहिले, तर सव्वा मीटरची पट्टी सव्वा मिलिमीटरची वाचली जाते. म्हणून ‘१२५०’ लिहावे. ‘गॉस्ट २.३०७’ मानकानुसार लांबीची मापे मिलिमीटरमध्ये, एकक न लिहिता देतात. त्यामुळे अर्धा इंच ‘१२,७’ होतो. नळीच्या आट्यांचे ‘G 1/2’ मात्र बदलायचे नाही: ते नाव आहे, माप नव्हे, त्या आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी भरतो. सगळी टिंबे एकदम स्वल्पविरामात बदलण्याचा मोहही महागात पडतो, कारण मानकांचे क्रमांकच बिघडतात.