स्वप्नं नेमकी बनतात कुठे?

आजची गोष्ट सुरू होते शिकागोमध्ये, १९५३ साली. युजीन ॲसरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी जाहीर केलं की झोपेत ठरावीक वेळी बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. हीच रेम झोप. अशा वेळी त्यांनी लोकांना २७ वेळा उठवलं, आणि २० वेळा सविस्तर स्वप्न ऐकायला मिळालं. डोळे शांत असताना २३ वेळा उठवलं, तर १९ वेळा कुणाला काहीच आठवेना. झालं! रेम म्हणजेच स्वप्न, असं समीकरण पक्कं बसलं.

याच समीकरणावर १९७७ मध्ये हार्वर्डच्या ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी आपली थिअरी उभी केली. मांजरांच्या मेंदूत त्यांना दिसलं होतं की रेम झोप खालून, ब्रेनस्टेममधल्या पॉन्स या भागातून चालू होते. तिथून वर विस्कळीत सिग्नल जातात, आणि वरचा मेंदू त्यांना जमेल तशी गोष्ट चिकटवतो. याला म्हणतात ॲक्टिव्हेशन-सिंथेसिस. म्हणजे स्वप्नाचा उगम फ्रॉइड म्हणतो तशा दडपलेल्या इच्छेत नाही. मला ही कल्पना आवडते, कारण स्वप्नातला सीन अचानक का बदलतो हे तिच्यात छान बसतं.

पण पायाच कच्चा होता. १९६२ मध्येच डेव्हिड फूक्स यांनी फक्त प्रश्न बदलून पाहिला. ‘स्वप्न पडलं का?’ याऐवजी ‘आत्ता डोक्यात काय चाललं होतं?’ असं विचारलं, आणि रेम नसलेल्या झोपेतूनही निम्म्याहून जास्त वेळा काही ना काही मिळालं.

उलटी केस तर जास्तच बोलकी आहे. स्वित्झर्लंडमध्ये ७३ वर्षांच्या एका बाईंना स्ट्रोक झाला. मेंदूच्या मागच्या भागाला, दोन्ही बाजूंनी इजा झाली. नजर काही दिवसांत बरीच सुधारली, पण आधी आठवड्यातून तीन-चारदा पडणारी स्वप्नं गायबच. बिशॉफ आणि बासेटी या डॉक्टरांनी त्यांची झोप लॅबमध्ये रेकॉर्ड केली. रेम नॉर्मल! रेममधून उठवलं, तरी स्वप्न नाही. २००४ मध्ये ही केस छापून आली.

म्हणजे पॉन्सचं इंजिन चालू, पण स्क्रीन कोरी. मार्क सोल्म्स यांनी १९९७ मध्येच मेंदूला इजा झालेल्या शेकडो पेशंट्सच्या नोंदींवरून म्हटलं होतं की स्वप्न आणि रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या मते स्वप्नामागे पुढच्या मेंदूतली ओढ जागवणारी यंत्रणा असते. फ्रॉइडच्या चाहत्यांना अर्थातच आनंद झाला. पण ओढ असणं म्हणजे दडपलेली इच्छा असणं नव्हे, तिथे त्यांनी जरा घाई केली.

एका पेशंटवरून सगळ्यांचं ठरवता येत नाही, हे खरंच. पण २०१७ मध्ये फ्रान्चेस्का सिक्लारी आणि जुलिओ तोनोनी यांच्या टीमने निरोगी लोकांच्या डोक्यावर २५६ इलेक्ट्रोड लावून रात्रभर त्यांना उठवलं. स्वप्न चालू असताना रेममध्येही आणि रेमच्या बाहेरही मेंदूचा एकच भाग जागा दिसला: मागचा. त्या आजींच्या मेंदूतली इजाही मागेच होती.